पॅनिकवरची थेरपी: तीन-चार महिन्यांत नेमकं काय घडतं

चिंतेच्या त्रासासाठी थेरपी घ्यायला आलेला माणूस पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारतो: किती दिवस लागतील? कुणी तो सरळ विचारतं, कुणी फीची चौकशी करता करता, कुणी 'ऑफिसात किती शनिवार सांगून ठेवू?' अशा आडवळणानं. त्यावर 'प्रत्येकाचं वेगळं असतं' एवढंच उत्तर मिळालं, तर ते अपुरं आहे असं माझं मत आहे. माणसागणिक फरक पडतो हे खरंच, पण चिंतेच्या विकारांवर सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत, म्हणजे सीबीटी, ही मुळात मुदत बांधून करायची थेरपी आहे. तिचा अंदाज सांगता येतो, आणि तो सांगायला हवा.

ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या शिफारशी या बाबतीत स्पष्ट आहेत. पॅनिक डिसऑर्डर असेल तर एकूण ७ ते १४ तास, बहुतेकांसाठी दर आठवड्याला एक भेट, आणि सगळं चार महिन्यांच्या आत. कसली ना कसली काळजी दिवसभर मागे लागलेली असते, त्या प्रकाराला तासाभराच्या १२ ते १५ भेटी. पाल, कुत्रा, लिफ्ट अशा एकाच गोष्टीची भीती असेल तर काम याहून कितीतरी लवकर होऊ शकतं. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये अशा भीतीसाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच सलग भेटीची पद्धत मांडली, आणि ती आजही वापरली जाते. जोडीला खोल नैराश्य असेल, दारूचा आधार घेतला जात असेल किंवा लहानपणी झालेला आघात मागे असेल, तर हे आकडे वाढतात.

पण भेटींची संख्या हा अर्धाच हिशोब आहे. आठवड्यातला एक तास थेरपिस्टसमोर जातो, बाकीचा आठवडा आपला आपण काढायचा असतो. खरा बदल त्या बाकीच्या वेळात घडतो किंवा अडतो. म्हणून 'किती भेटी?' याच्या जोडीनं 'दोन भेटींच्या मध्ये मी काय करायचं?' हेही विचारायला हवं. हे नीट समजून घेण्यासाठी मी पॅनिकचंच उदाहरण घेते. या थेरपीत काय चालतं ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

पॅनिक अटॅक येतो म्हणजे काय होतं? छातीत धडधड सुरू होते, श्वास पुरत नाही असं वाटतं, हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि आता आपलं काही खरं नाही अशी खात्री पटते. काही मिनिटांतच हे टोकाला जातं आणि मग हळूहळू ओसरतं. हे सगळं शरीराचं धोक्याला दिलेलं उत्तर असतं, फक्त समोर धोका नसतो. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं याची जी मांडणी केली, तिच्यावर आजची थेरपी उभी आहे. त्यांचं म्हणणं असं की शरीरातल्या साध्या बदलाचा माणूस भयंकर अर्थ लावतो. धडधडलं, म्हणजे हार्ट अटॅक. गरगरलं, म्हणजे आता कोसळणार. त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, वाढलेल्या धडधडीनं तो अर्थ आणखी खरा वाटतो. हे चक्र फिरत राहतं. आणि ते वर्षानुवर्षं टिकतं, कारण माणूस त्या अर्थाची परीक्षा होऊच देत नाही. तो आधीच उतरतो, बसतो, पाणी पितो, कुणाला तरी फोन लावतो, आणि 'त्यामुळेच वाचलो' असं धरून चालतो.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणू. ही कुणी एक व्यक्ती नाही, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेलं हे उदाहरण आहे. वय चौतीस, राहायला ठाण्यात, नोकरी फोर्टमधल्या एका ऑफिसात. मे महिन्यातल्या एका सकाळी गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये, दारापासून लांब, आतल्या बाजूला उभी असताना तिला पहिला अटॅक आला. घाटकोपरला ती कशीबशी उतरली. हॉस्पिटलात ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, सगळं नॉर्मल निघालं. (ही तपासणी एकदा व्हायलाच हवी. ती झाल्याशिवाय 'सगळं मनाचं आहे' असं कुणीही म्हणू नये.) पण तिची फास्ट गाडी सुटली ती सुटलीच. मग ती स्लोनं जाऊ लागली, दाराशी उभी राहून. मग नवऱ्याबरोबरच जाऊ लागली. मग कॅब, आणि शेवटी आठवड्यातले तीन दिवस घरून काम. चार महिन्यांनी ती थेरपीला आली, तेव्हा अटॅक पूर्वीपेक्षा कमी झाले होते. कमी झाले, कारण ते जिथे येऊ शकतील अशा ठिकाणी ती जातच नव्हती.

पहिल्या दोन भेटी माहिती घेण्यात आणि हे चक्र तिच्याच अनुभवातून कागदावर काढण्यात जातात. तिथे एक साधी प्रश्नावलीही भरायची असते. पॅनिकची तीव्रता मोजणाऱ्या एका प्रचलित मापात सात प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण २८ पैकी. आपल्या उदाहरणातल्या बाईचे १७ आले असं धरू. हा आकडा पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचा आहे, म्हणून तो जपून ठेवायचा.

पहिला गृहपाठ दिसायला अगदी साधा असतो: नोंदवही. अटॅक आला किंवा आल्यासारखं वाटलं की त्याच दिवशी चार गोष्टी लिहायच्या. कुठे होते, अंगात सर्वांत आधी काय जाणवलं, त्या क्षणी मनात काय आलं, आणि मी काय केलं. तिची एक नोंद अशी असेल: 'मंगळवार, संध्याकाळी सात. जिना चढून आले. छाती धडधडली. वाटलं, घरात कुणी नाही, इथेच पडले तर कुणाला कळणार नाही. शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले.' लिहिताना लोकांना वाटतं, यानं काय होणार आहे? पण आठवड्याभराच्या नोंदी समोर ठेवल्या की थेरपिस्टला हवं ते सापडतं. 'अचानक, कारण नसताना' आलेल्या अटॅकच्या आधी बहुतेक वेळा एखादी शारीरिक जाणीव असते: जिना, उकाडा, रिकाम्या पोटी घेतलेला चहा, अपुरी झोप. आणि मनात येणारा विचार दर वेळी जवळजवळ तोच असतो. या बाईच्या बाबतीत तो होता, 'मी चक्कर येऊन पडेन.' हार्ट अटॅकची भीती तिला ईसीजीनंतर फारशी राहिली नव्हती. आता पुढची सगळी थेरपी त्या एका वाक्याभोवती बांधायची असते. हे वाक्य चुकीचं ओळखलं गेलं तर महिना वाया जाऊ शकतो. कारण 'पडेन' या भीतीला एक प्रयोग लागतो, आणि 'लोकांसमोर शोभा होईल' या भीतीला अगदी वेगळा.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत प्रयोगांना सुरुवात होते, आणि नेमकं इथे बरेच जण बिचकतात. थेरपिस्ट म्हणतात, "आपण आता इथेच, मुद्दाम, तुमच्या अंगात त्या जाणिवा आणून बघू." एक मिनिट खोल आणि भरभर श्वास घ्यायचा. एक मिनिट फिरत्या खुर्चीत गोल फिरायचं. एक मिनिट जागच्या जागी धावायचं. बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. प्रत्येक वेळी तीन आकडे सांगायचे: जाणीव किती तीव्र होती, खऱ्या अटॅकसारखी किती वाटली, आणि भीती किती वाटली. ज्यात साम्य जास्त आणि भीतीही जास्त, तो व्यायाम निवडायचा. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. थेरपिस्टनं ते आधी विचारलं नाही, तर आपण सांगावं.)

आपल्या बाईला भरभर श्वासाचा व्यायाम अटॅकसारखा वाटला. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात म्हणून गरगरतं. हे भयानक वाटतं, पण निरोगी माणसात धोक्याचं नसतं. शिवाय माणूस बेशुद्ध पडतो तो सहसा रक्तदाब एकदम खाली गेल्यावर, आणि पॅनिकमध्ये नाडी वेगानं चालते, रक्तदाब सहसा चढलेला असतो. रक्त किंवा इंजेक्शन बघून येणारी भीती हा याला अपवाद आहे. तिथे रक्तदाब खरोखर घसरतो आणि माणूस पडूही शकतो. हे सगळं थेरपिस्ट सांगतातच, पण सांगून फार तर डोक्याला पटतं. अंगाला पटायचं तर करून बघावं लागतं.

म्हणून त्या आठवड्याचा गृहपाठ असा: रोज संध्याकाळी, घरी, एक मिनिट भरभर श्वास, मध्ये थोडं थांबून सलग तीन वेळा. आधी लिहायचं, 'पडेन याची खात्री किती टक्के?' नंतर लिहायचं, 'पडले का?' पहिल्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसून करते, आणि भीती शंभरापैकी ७५ येते. तिसऱ्या फेरीपर्यंत ६०. चौथ्या दिवशी उभी राहून, भिंतीला हात न लावता, ५०. आठवड्याच्या शेवटी ३०. गरगरणं मात्र तेवढंच आहे! हा फरक फार मोलाचा आहे, आणि तो तिच्या लक्षात आणून द्यावा लागतो. जाणीव तीच राहिली, तिचा अर्थ बदलला.

इथे एक गल्लत वारंवार होते. पॅनिकवर उपाय म्हणून लोकांना सावकाश श्वास घ्यायला शिकवतात, आणि तो श्वास लवकरच एक टेकू होऊन बसतो. 'मी वेळेवर श्वास सांभाळला म्हणून पडले नाही' असं मन म्हणतं, आणि मूळ समजूत आहे तिथेच राहते. थेरपीच्या भाषेत याला सुरक्षा-वर्तन म्हणतात. पाण्याची बाटली घट्ट धरणं, पर्समध्ये एक गोळी असली तरच बाहेर पडणं, दाराशीच उभं राहणं, सतत नाडी तपासणं, हे सगळं त्यातच येतं. तिच्या नोंदवहीत रामरक्षाही होती. लहानपणापासून ती रोज संध्याकाळी म्हणत आली आहे, त्याला कोण हात लावणार? पण गाडीत बसल्यावर 'थांबले तर पडेन' म्हणून ती एका श्वासात पुन्हा पुन्हा म्हटली जात होती. थेरपिस्टनं ती बंद करायला सांगितलं नाही. घरी नेहमीसारखी म्हणा, प्रयोगाच्या वेळात म्हणू नका, एवढंच ठरलं. मला ही तडजोड योग्य वाटते. श्रद्धेला धक्का न लावता भीतीचा टेकू तेवढा काढला गेला.

पाचव्या भेटीनंतर प्रयोग घराबाहेर जातात. तिनं आणि थेरपिस्टनं मिळून एक यादी केली. दुपारच्या वेळी ठाण्याच्या फलाटावर वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग दुपारच्या स्लो गाडीनं मुलुंडपर्यंत, एकच स्टेशन, एकटीनं. मग भांडुप, मग घाटकोपर. मग तेच दारापासून लांब, डब्याच्या मध्यभागी उभं राहून. मग दुपारची फास्ट. मग सकाळच्या गर्दीची फास्ट थेट सीएसएमटीपर्यंत. आणि अखेरची पायरी म्हणजे जिना धावत चढून, छाती धडधडत असतानाच ती गाडी पकडायची. दर आठवड्याला यातलं एकच काम, पण ते तीन-चार वेळा करायचं. एकदा करून 'जमलं बुवा' म्हणून सोडून दिलं तर मन त्याला नशीब म्हणतं. चौथ्यांदाही काही झालं नाही की मग त्याला नशीब म्हणता येत नाही.

प्रत्येक फेरीचा एक कागद असतो. निघण्याआधी लिहायचं: मला काय होईल असं वाटतं, किती खात्री आहे, आणि ते झालं की नाही हे कसं कळेल. तिचा मुलुंडच्या पहिल्या फेरीचा कागद असा: 'गाडी सुटली की दोन मिनिटांत चक्कर येऊन पडेन. खात्री ८० टक्के. पडले तर बायका धरतील, गाडी थांबवतील.' परत आल्यावर: 'गाडी सुटताच धडधड. भीती ८५. हात थंड पडले. पडले नाही. शेजारची बाई फोनवर भाजीचे भाव सांगत होती, तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा गेले तर पडेन याची खात्री आता ५५.'

पूर्वी असं सांगत की भीती निम्म्यावर येईपर्यंत त्या जागेवरून हलायचं नाही. आज मिशेल क्रॅस्के यांच्यासारख्या संशोधकांच्या कामामुळे भर बदलला आहे. त्या फेरीत भीती किती उतरली यापेक्षा, आपण जे घडणार म्हणत होतो ते घडलं का, हे जास्त महत्त्वाचं मानलं जातं. ठाणे ते मुलुंड काही मिनिटांचं अंतर. तेवढ्यात भीती उतरेलच असं नाही. ८५ वर चढलेली भीती घेऊन ती मुलुंडला उतरली, तरी गृहपाठ पूर्ण झाला, कारण ती पडली नव्हती. वाया जाते ती फेरी जिच्यात टेकू घेतला, किंवा जिच्यानंतर कागद भरला नाही.

घरच्यांनाही थोडा गृहपाठ असतो. नवरा काळजीपोटी दर स्टेशनला फोन करायचा, "अगं, ठीक आहेस ना?" आई म्हणायची, "आज बरं वाटत नसेल तर नको जाऊस." दोघांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण त्या दोन्ही वाक्यांनी तिला एकच गोष्ट कळत होती की इथे धोका आहे. सहाव्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं आणि ठरलं की फेरीच्या वेळात फोन नाही. परत आल्यावर 'घाबरलीस का?' असं विचारायचं नाही, 'कागदावर काय लिहिलंस?' असं विचारायचं.

गृहपाठ होत नाही तेव्हा काय? असे आठवडे येतातच. ऑफिसचं ऑडिट, मुलाचा ताप, किंवा नुसतीच टाळाटाळ. चांगले थेरपिस्ट रागावत नाहीत, पण विषय सोडूनही देत नाहीत. काम फार मोठं होतं का? वेळ आणि वार ठरवला नव्हता का? की ते का करायचं हेच पटलं नव्हतं? बहुतेक वेळा पहिल्या दोनांत उत्तर सापडतं, मग काम लहान करून वार पक्का केला जातो. उलट, मागच्या आठवड्याचा गृहपाठ भेटीच्या सुरुवातीला विचारलाच जात नसेल, तर ती काळजीची गोष्ट आहे. आपण लिहून नेलेली वही दोन-तीन वेळा कुणी उघडलीच नाही, की आपणही लिहिणं सोडतो.

आता फरक कसा ओळखायचा? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण ते चुकीच्या खुणेची वाट बघत असतात. त्यांना वाटतं, थेरपी लागू पडली म्हणजे भीती कमी होईल. होते, पण तिचा नंबर बराच उशिरा लागतो. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तर उलटंच वाटण्याची शक्यता असते. जी माणसं चार महिने लोकलकडे फिरकली नाहीत, ती आता मुद्दाम फलाटावर उभी असतात. त्यांचे अटॅक त्या दिवसांत वाढू शकतात. आपल्या बाईचे चौथ्या भेटीला २८ पैकी १६ गुण होते, म्हणजे जवळपास जिथल्या तिथेच. नुसता आकडा बघितला असता तर तिनं तिथेच सोडून दिलं असतं.

पण त्या आणि पुढच्या आठवड्यांत वहीत दुसऱ्या खुणा दिसू लागल्या. पहिली खूण खात्रीच्या टक्क्यांत. भीती ८० असते, पण 'पडेन' याची खात्री मात्र ४० वर आलेली असते. माणूस म्हणतो, "घाबरले खूप, पण आतून माहीत होतं की काही होणार नाही." हे वाक्य ऐकलं की थेरपिस्टला बरं वाटतं, आणि माझ्या मते ही सर्वांत विश्वासार्ह सुरुवातीची खूण आहे. दुसरी खूण टाळण्यात. पाण्याची बाटली घरी राहिल्याचं मुलुंडला पोहोचल्यावर लक्षात येतं. आठवड्यातले घरून कामाचे दिवस तीनवरून एकावर येतात. तिसरी खूण आधीच्या रात्रीत. उद्या गाडीनं जायचंय म्हणून पूर्वी झोप उडायची, आता सकाळी फलाटावर गेल्यावरच धाकधूक होते. त्यानंतर अटॅक आला तरी लवकर सावरणं येतं: पूर्वी सबंध दिवस वाया जायचा, आता ती अर्ध्या तासात कामाला लागते. अटॅकची संख्या आणि प्रत्यक्ष भीती यानंतर उतरते. आठव्या भेटीला तिचे गुण ९ झाले, बाराव्याला ५.

मध्ये एकदा घसरणही झाली. नवव्या आठवड्यात तिला व्हायरल ताप आला, अशक्तपणात गाडीत खरोखर गरगरलं आणि ती विक्रोळीला उतरली. पुढचे चार दिवस कॅब. तिला वाटलं, सगळं पहिल्यापासून करावं लागणार. तसं होत नाही. ती एका आठवड्यात पुन्हा आधीच्या पायरीवर आली, कारण या वेळी काय करायचं ते माहीत होतं: दोन दिवस भरभर श्वासाचा व्यायाम, मग घाटकोपरपर्यंतची फेरी, मग फास्ट. घसरणीनंतर परत यायला लागणारा वेळ कमी झालेला असणं हीदेखील थेरपी लागू पडल्याची खूण आहे.

आणि लागू पडत नसेल तर? सहा ते आठ भेटी झाल्या, गृहपाठ खरोखर केला, तरी ना खात्रीचे टक्के हलले, ना टाळणं कमी झालं, तर गप्प बसून आणखी आठ भेटी काढू नयेत. थेरपिस्टना सरळ विचारावं, "आपण काय बदलायचं?" कधी मूळ वाक्यच चुकीचं पकडलेलं असतं. कधी एखादा लपलेला टेकू राहून गेलेला असतो, उदाहरणार्थ गाडीत सतत मोबाइलवर गुंतून राहणं. कधी जोडीला नैराश्य असतं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून औषध सुरू करणं योग्य ठरतं. पॅनिकवर एसएसआरआय गटातली औषधं उपयोगी पडतात, आणि ती थेरपीच्या आड येत नाहीत. लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांचं वेगळं आहे. त्या नियमित घेतल्या तर सवय लागू शकते, आणि प्रयोगाआधी घेतल्या तर सगळं श्रेय गोळीला जातं. पण त्या आधीपासून चालू असतील तर आपल्या मनानं एकदम बंद करू नयेत, ते धोक्याचं असतं. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात.

कधी मात्र अडचण थेरपीचीच असते. दर भेटीत आठवड्याभराची हकिगत ऐकून घेतली जाते, धीर दिला जातो, माणूस हलका होऊन घरी जातो, आणि पुढच्या शनिवारी तिथूनच पुन्हा सुरुवात. हे बोलणं वाईट नाही, पण पॅनिकवरची सीबीटी ती नव्हे. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्यावं: तुम्ही प्रत्यक्ष प्रयोग करून घेता का? प्रगती कशानं मोजता? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, ती आहे का हेही विचारायला हरकत नाही. खाजगी फी झेपत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे गर्दीमुळे दर आठवड्याला तासभर मिळेलच असं नाही, आणि अशा वेळी गृहपाठाची वही आणखी उपयोगी पडते: दहा मिनिटांच्या भेटीतही ती समोर ठेवता येते. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

दहाव्या भेटीनंतर अंतर वाढवतात, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. शेवटच्या दोन भेटींचा गृहपाठ वेगळा असतो: पुढची घसरण कशी दिसेल ते तिनं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. तिचा कागद असा होता: 'आजारपणानंतर किंवा झोप कमी झाली की होईल. पहिली खूण म्हणजे मी पुन्हा दाराशी उभी राहीन. दुसरी, बाटली विसरले म्हणून परत घरी जाईन. दोन्ही दिसलं तर त्याच आठवड्यात तीन फेऱ्या, डब्याच्या मध्यभागी. दोन आठवड्यांत जमलं नाही तर फोन करून भेट घ्यायची.' त्यानंतर एक भेट तीन महिन्यांनी आणि एक सहा महिन्यांनी ठेवतात. तिथे तीच सात प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा भरायची आणि हा कागद सोबत न्यायचा.